हस्तलिखित प्रश्न उतरवताना जोडाक्षरं आणि वेलांट्या कशा सांभाळायच्या?

प्रश्न: मी दहावीच्या मुलांना मराठी व्याकरण शिकवते. मुलं वहीवर प्रश्न लिहून फोटो पाठवतात. मी तो टाइप करून घेते आणि उत्तर देते, पण कधी वेलांटी चुकते, कधी रफार, आणि उत्तर भलत्याच प्रश्नाला जातं. नीट उतरवून घ्यायची काही पद्धत आहे का?

उत्तर:

आहे. माझ्या हातून एक चूक झाली तेव्हा मी ही पद्धत लावून घेतली. एका मुलीने ‘अचूक शब्द ओळखा’ या प्रकारातला प्रश्न पाठवला होता. पर्याय असे होते: (अ) आशिर्वाद (ब) आशीर्वाद (क) आर्शिवाद (ड) आर्शीवाद. मी भराभर टाइप केलं, आणि फोनने (अ) मधला शब्द आपणहून ‘आशीर्वाद’ करून टाकला. पहिलाच पर्याय बरोबर दिसल्यावर मी पुढे पाहिलंही नाही. ‘अ’ असं कळवलं आणि तिने सराव परीक्षेत तेच लिहिलं. मी उतरवून घेतलेल्या प्रश्नात (अ) आणि (ब) एकसारखे झाले होते, आणि तेवढ्यावरूनच मला चूक कळायला हवी होती. शुद्धलेखनाच्या प्रश्नात दोन पर्याय सारखे दिसले, तर चूक जवळजवळ नेहमी उतरवणाऱ्याचीच असते.

म्हणून आता मी दोन कामं वेगळी ठेवते. आधी कागदावर जे आहे तेच उतरवायचं, अशुद्ध असलं तरी. अर्थ काय, बरोबर काय, ते नंतर. पहिल्या फेरीत फोनची शब्द सुचवण्याची आणि सुधारण्याची सोय बंद करते, आणि बोलून टाइप करणं तर पूर्ण टाळते. आपल्या रोजच्या बोलण्यात ‘शि’ आणि ‘शी’ यांतला फरक नीट ऐकू येत नाही, आणि ‘महत्त्व’ व ‘महत्व’ तर कानाला एकच. मग कानावर विसंबून उतरवलेला प्रश्न विश्वासाचा कसा असेल?

आता त्याच चार पर्यायांत नजर कुठे ठेवायची ते सांगते. वेलांटीची वरची कमान पाहू नका. घाईच्या अक्षरात ती कुठेही झुकते, शेजारच्या अक्षरावरही जाते. तिची उभी रेघ पाहा. ती ‘श’च्या आधी असेल तर पहिली वेलांटी, नंतर असेल तर दुसरी. एवढ्याने (अ) आणि (ब) वेगळे होतात.

रफाराचं थोडं निराळं आहे. तो ज्या अक्षरावर असतो, त्या अक्षराच्या काना-वेलांटीसकट जी शेवटची उभी रेघ येते, तिच्या डोक्यावर बसतो. ‘र्वा’ लिहिताना तो ‘व’वर नसतो, कान्यावर असतो. ‘र्शी’मध्ये तो दुसऱ्या वेलांटीच्या उभ्या रेघेवर असतो आणि ‘र्शि’मध्ये ‘श’च्या स्वतःच्या दंडावर. अडचण अशी की ‘र्शी’ची ती रेघ ‘व’च्या अगदी लगत येते. म्हणून फोटोत रफार ‘शी’ आणि ‘वा’ यांच्या मधोमध तरंगताना दिसतो आणि आपलं मन त्याला ओळखीच्या ‘आशीर्वाद’कडे ओढतं. अशा वेळी मी त्याच मुलाने लिहिलेला दुसरा शब्द शोधते, ‘वर्षा’, ‘मार्ग’, ‘पूर्ण’, जो मिळेल तो. काही मुलं रफार नेहमीच थोडा डावीकडे देतात, काही उजवीकडे. ती सवय दिसली की मधोमध लटकलेला रफार कुणाचा ते बहुतेकदा ठरतं.

टाइप करताना आणखी एक गोंधळ होतो, कारण हात आणि कळफलक यांचा क्रम वेगळा आहे. पेनाने पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढता येते, रफार तर सगळ्यांत शेवटी येतो. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराचा क्रम चालतो, म्हणजे आधी व्यंजन, मग वेलांटी, आणि रफारासाठी ‘र’ व हलन्त हे पुढच्या अक्षराच्या आधी:

```
आशीर्वाद = आ श ी र ् व ा द
आर्शीवाद = आ र ् श ी व ा द
```

शंका आली की मी शब्द असा फोडून कागदावर लिहिते आणि फोटोशी एकेक तुकडा ताडून पाहते. यात अर्धी अक्षरंही निसटत नाहीत. ‘महत्त्व’मध्ये ‘त’ दोनदा आहे, कारण तो महत् + त्व असा बनतो. हस्ताक्षरात हे दोन अर्धे ‘त’ एकमेकांना चिकटतात आणि एकच वाटतात. ‘शुद्ध’मध्ये आधी ‘द’ आणि त्याच्या पोटाला लटकलेला ‘ध’. टाइप करताना तो उलटा होऊन ‘शुध्द’ होतो आणि पटकन लक्षातही येत नाही.

‘र’च्या बाबतीत मराठीत आणखी एक रूप आहे आणि तिथे अर्थच बदलतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. पहिल्यात रफार शिरोरेषेच्या वर असतो, दुसऱ्यात ‘य’च्या आधी छोटी कोयरीसारखी खूण शिरोरेषेच्या खाली असते. मुलांनी शिरोरेषाच दिली नसेल, किंवा वहीची छापील रेघ शिरोरेषेसारखी दिसत असेल, तर हा फरक फोटोत पुसला जातो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर हा ‘ऱ’ शिफ्ट धरून `J` दाबल्यावर येतो, त्यापुढे हलन्त आणि ‘य’.

‘कर्म’ आणि ‘क्रम’, ‘गृह’ आणि ‘ग्रह’ यांवरही लक्ष ठेवा. ‘वाक्यातील कर्म ओळखा’ आणि ‘वाक्यांचा क्रम ओळखा’ हे दोन्ही प्रश्न म्हणून शोभतात, त्यामुळे संदर्भ नेहमी मदतीला येत नाही. ‘दीन’ आणि ‘दिन’ यांचंही तसंच: समानार्थी शब्द विचारला तर एकाचं उत्तर गरीब, दुसऱ्याचं दिवस.

एवढं करूनही ठरलं नाही तर विचारा, पण ‘हाच शब्द ना?’ असं नको. मूल घाईत ‘हो’ म्हणतं. ‘श ला पहिली की दुसरी?’, ‘रफार कशावर, श वर की व वर?’, ‘त एक की दोन?’ असं खुणेचं नाव घेऊन विचारा, म्हणजे त्याला वहीत पाहावंच लागतं. छापील पुस्तकातून उतरवलेला प्रश्न असेल तर मी सरळ त्या पानाचा फोटो मागवते, कारण चूक कित्येकदा मुलाने लिहून घेतानाच झालेली असते आणि ती त्याच्या अक्षरात कितीही निरखलं तरी सापडत नाही.

आणि मूल लगेच भेटणार नसेल, तर मी दोन्ही वाचनं लिहून दोन्हींची उत्तरं देते: ‘शब्द दिन असेल तर दिवस, दीन असेल तर गरीब, तुझ्या वहीत कोणता आहे ते बघ.’