कीवेच्या शाफ्टवर कडक टिप का टिकत नाही

प्रश्न: एचएसएसचं टूल चालतं, पण त्याहून कडक असलेली कार्बाइडची टिप शाफ्टवर टवके उडून जाते. असं का होतं आणि कोणती टिप घ्यावी?

शाफ्टला कीवे आहे का, किंवा ती वेल्डिंगने भरलेली आहे का, ते आधी पाहा. हिंगणघाटकडच्या जिनिंगमधून आमच्या लेथवर येणाऱ्या शाफ्ट बहुतेक अशाच असतात. 300 आरपीएमला एक कीवे म्हणजे टिपेवर मिनिटाला 300 ठोके. एचएसएस हे ठोके सोसतं, पण साधारण 600 अंशांच्या पुढे त्याची धार बसते, म्हणून ते हळूच चालवावं लागतं.

कार्बाइडच्या टिपेत टंगस्टन कार्बाइडचे बारीक कण असतात आणि त्यांना कोबाल्ट धरून ठेवतो. दाबलेली पावडर 1400 अंशांच्या आसपास तापवली की कोबाल्ट वितळून कणांच्या मधे भरतो. कण फार कडक, पण ठिसूळ. ठोक्याने भेग पडली तर ती कोबाल्टपाशी अडते, कारण तो तुटण्याआधी ताणला जातो. बारीक कणांची, 6% कोबाल्टची टिप सुमारे 1600 विकर्स कडक असते. कोबाल्ट 12% केला की ती 1300 च्या आसपास येते, पण मार जास्त खाते. कण मोठे केले तरी तोच परिणाम होतो, कारण मधला कोबाल्टचा थर जाड होतो. बोअरवेलच्या बिटाची बटणं म्हणूनच जाड कणांची करतात.

आता निवड. स्टीलसाठी पी ग्रेड घ्यायचा. आकडा वाढतो तशी टिप चिवट होते, कडकपणा उतरतो. पी10 गुळगुळीत, सलग कापासाठी. तुमच्या कामाला पी30 घ्या, वेल्डिंग फारच खडबडीत असेल तर पी40. हा आकडा कोबाल्टचा टक्का नाही बरं का! दुकानात बरेचदा के20 हातात देतात, ती बिडासाठी. स्टीलवर तिच्या माथ्यावर, चिप घासते तिथे, खड्डा पडतो.

पी30 लवकर झिजेल, हे मात्र धरून चाला. टिप काढल्यावर भिंगातून धार बघा. टवका उडाला असेल तर आणखी चिवट ग्रेड घ्या किंवा फीड कमी करा. धारेखाली सपाट, चकचकीत पट्टा दिसला तर ती झीज आहे. तिथे कडक ग्रेड चालेल. धारच खाली दबली असेल तर उष्णता जास्त झाली, स्पीड उतरवा. धारेला आडव्या, कंगव्यासारख्या भेगा दिसल्या तर कूलंट थांबून थांबून पडतोय. कीवेवर सरळ कोरडंच चालवा.

आणि टिप घरी पितळेने झाळत असाल तर लाल असताना पाण्यात बुचकळू नका. स्टीलचा दांडा कार्बाइडच्या जवळपास दुप्पट आकसतो, आणि भेग तिथेच पडून राहते. मग ग्रेड कोणताही घ्या, पहिल्या कीवेला टिप जाते. झाळल्यावर कोरड्या वाळूत किंवा राखेत थंड होऊ द्या.