‘कोणता?’ असं वाचणारा विचारेल का?

*दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आता नोकरीत रोज इंग्रजीत रिपोर्ट लिहावे लागतात. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’चे नियम पाठ आहेत, तरी लिहिताना अंदाजानंच टाकते आणि साहेब दर वेळी लाल खुणा करून परत पाठवतात. वय ३२ आहे. आता हे सुधारेल का?*

सुधारतं. त्यासाठी नियमांची आणखी एक यादी लागत नाही. आपली चूक कोणत्या दिशेनं होते हे आधी पाहावं लागतं. आमच्याकडे आलेल्या एका इंजिनिअरची गोष्ट तुमच्या कामाची आहे. ते चाकणच्या एका कारखान्यात देखभाल विभागात आहेत आणि त्यांचे रिपोर्ट इंग्लंडमधल्या ग्राहकाकडे जातात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

‘पंप क्रमांक ४’ असं शीर्षक असलेल्या रिपोर्टात त्यांनी लिहिलं होतं: ‘द ऑपरेटर नोटिस्ड द लीक निअर पंप. वी ओपन्ड पंप अँड फाउंड द क्रॅक इन सील. वी ऑर्डर्ड न्यू सील.’

त्यांच्या मते या चुका वाटेल तशा झाल्या होत्या. तसं नव्हतं. जास्तीचा ‘द’ कुठं आहे ते पाहा: गळतीला आणि तड्याला. त्यांनी स्वतः हात लावून तपासलेल्या या दोन गोष्टी होत्या. ‘पंप’ आणि ‘सील’ मात्र उघडे राहिले, कारण कोणता पंप आणि कुठलं सील हे संदर्भानं इतकं स्पष्ट होतं, की मराठी मनाला तिथं काही जोडावंसंच वाटलं नाही. म्हणजे एका बाजूला ‘द’ जास्त पडत होता, दुसऱ्या बाजूला गळत होता, आणि दोन्हींची कारणं वेगळी होती.

पहिलं कारण समजून घ्यायला आपली भाषा पाहू. लग्न जमवताना आपण म्हणतो, ‘आम्ही मुलगी शोधतोय.’ जत्रेत पोर हरवलं तर म्हणतो, ‘आम्ही मुलीला शोधतोय.’ नुसत्या ‘ला’नं फरक पडतो, कारण दुसऱ्या वाक्यात ठरावीक मुलगी आहे. पण ‘आम्ही एका मुलीला शोधतोय’ हेही बरोबर मराठी आहे. इथं मुलगी बोलणाऱ्याला ठाऊक आहे, ऐकणाऱ्याला नाही. ‘ला’ला तेवढं पुरतं.

इंग्रजीतला ‘द’ एवढ्यावर भागवत नाही. ही कोणती वस्तू ते ऐकणाऱ्यालाही ओळखता येईल, असा भरवसा बोलणाऱ्याला असावा लागतो. इंजिनिअरांच्या मनात गळती ठरावीक होती, इंग्लंडमधला वाचक मात्र तिच्याबद्दल पहिल्यांदाच ऐकत होता. म्हणून तिथं ‘अ लीक’. हा घोटाळा फक्त मराठी माणसाचा नाही. तानिया आयोनिन, हीजुंग को आणि केनेथ वेक्सलर या भाषाशास्त्रज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रशियन आणि कोरियन भाषकांकडून हाच प्रकार दिसला. त्या दोन्ही भाषांत उपपदं नाहीत, आणि बोलणाऱ्याच्या मनात ठरावीक वस्तू असली की ‘अ’च्या जागी ‘द’ येण्याचं प्रमाण वाढत होतं.

दुसरं कारण सरळ आहे. मराठीत एकवचनी नाम उघडं चालतं: ‘पंप उघडला, सील फाटलेलं होतं.’ इंग्रजीत मोजता येणारं एकवचनी नाम सहसा उघडं राहत नाही. त्याच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘धिस’, ‘अवर’, ‘वन’ असं काहीतरी लागतंच. ‘ती डॉक्टर आहे’ यात आपण ‘एक’ म्हणत नाही, म्हणून ‘शी इज डॉक्टर’ तोंडात येतं. मधे विशेषण आलं की उपपद गळण्याचं प्रमाण वाढतं. भाषाशास्त्रज्ञ दानियेला त्रेंकिच यांना सर्बियन भाषकांच्या इंग्रजीत हे आढळलं होतं, आणि ‘न्यू सील’मध्ये तेच झालं आहे.

कारणं दोन, म्हणून आम्ही त्यांना रिपोर्ट दोनदा वाचायला सांगितला. दोन्ही तपासण्या एकत्र केल्या की गोंधळ होतो, हे आवर्जून सांगते.

पहिल्या वाचनात अर्थाकडे पाहायचंच नाही. प्रत्येक नामाखाली रेघ मारायची आणि विचारायचं: हे मोजता येतं का, आणि एकच आहे का? दोन्हींना ‘हो’ असेल आणि नामाआधीची जागा रिकामी असेल, तर तिथं फुली. काय टाकायचं ते नंतर ठरेल. इथं मराठीवर विसंबू नका. आपण ‘एक सल्ला’, ‘एक बातमी’ म्हणतो, पण इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’, ‘न्यूज’, ‘इक्विपमेंट’ मोजत नाहीत आणि त्यांना ‘अ’ लागत नाही. अशा शब्दांची तुमच्या कामापुरती छोटी यादी करून ठेवा. शंका आली तर शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात नाम मोजता येतं की नाही ते दिलेलं असतं.

दुसऱ्या वाचनात वाचकाच्या खुर्चीत बसायचं. प्रत्येक फुलीपाशी आणि आधी लिहिलेल्या प्रत्येक ‘द’पाशी थांबायचं. इथपर्यंतचा मजकूर वाचलेला माणूस ‘कोणता?’ असं विचारेल का? विचारेल तर ‘अ’, आणि अनेकवचन किंवा न मोजता येणारं नाम असेल तर काहीच नाही. विचारणार नसेल तर ‘द’, पण मग का विचारणार नाही ते समासात एका शब्दात लिहायचं. कारणं बहुतेक चारच निघतात: आधी उल्लेख आलाय, तिथं ते एकच आहे, उल्लेख आलेल्या वस्तूचाच तो भाग आहे, किंवा पुढचे शब्द त्याची ओळख पटवतात. कारण लिहिता आलं नाही तर तो ‘द’ काढायचा.

शेवटच्या कारणात एक फसगत आहे. पुढं ‘ऑफ’ दिसला की अनेकजण ‘द’ लावतात. पण ‘अ मेंबर ऑफ द टीम’ बरोबर आहे, कारण टीममध्ये अनेक सदस्य असतात आणि कोणता ते अजून कळलेलं नाही.

आता त्यांची वाक्यं. ऑपरेटर: त्या पाळीत एकच होता, म्हणून ‘द’ राहिला. लीक: वाचकाला नवी, ‘अ’. पंप: शीर्षकात आलाय, ‘द’. क्रॅक: नवा, ‘अ’. सीलपाशी ते अडले, आणि अडायलाच हवं होतं. पंपाचा भाग म्हणून ‘द’ चालेल, पण सील एकच असेल तर. त्या पंपाला दोन होती, म्हणजे ‘द सील’ वाचून ग्राहकानं नक्की विचारलं असतं. तिथं ‘वन ऑफ द सील्स’ आलं. नवं सील अजून वाचकाच्या ओळखीचं नाही, म्हणून ‘अ न्यू सील’. मजकूर असा झाला: ‘द ऑपरेटर नोटिस्ड अ लीक निअर द पंप. वी ओपन्ड द पंप अँड फाउंड अ क्रॅक इन वन ऑफ द सील्स. वी ऑर्डर्ड अ न्यू सील.’

त्यांच्या लिखाणात गळलेली उपपदं लवकर आटोक्यात आली, कारण पहिली तपासणी जवळजवळ यांत्रिक आहे. जास्तीचा ‘द’ बरंच रेंगाळला. तिथं स्वतःला दिसलेली गोष्ट वाचकाला दिसलेली नाही हे दर वेळी नव्यानं आठवावं लागतं. तुमच्याही बाबतीत हाच क्रम धरा आणि जास्तीचा ‘द’ लवकर गेला नाही म्हणून पद्धत सोडू नका.

बोलताना ही तपासणी करायला वेळ मिळत नाही, त्यामुळं तिथं चुका जास्त दिवस राहतील. सुरुवात लिखाणापासूनच करा. आणि काही जागा या कसोटीच्या बाहेरच्या आहेत. ‘द गंगा’ पण ‘माउंट एव्हरेस्ट’, किंवा रुग्ण म्हणून दाखल असताना ब्रिटनमध्ये ‘इन हॉस्पिटल’ आणि अमेरिकेत ‘इन द हॉस्पिटल’. त्या पाठच कराव्या लागतात, पण तुमच्या रिपोर्टांत त्या क्वचितच येतील. साहेबांनी लाल केलेले शेवटचे चार-पाच रिपोर्ट काढा आणि प्रत्येक खुणेपुढं ‘गळलं’ किंवा ‘जास्तीचं’ एवढंच लिहा. ज्याची संख्या जास्त, त्या वाचनाला पहिले काही आठवडे द्या.