चार फूट दहा इंच उंचीसाठी कपाटातला रॉड किती उंचीवर?

प्रश्न: पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घेतलाय. मिस्त्री म्हणतो छतापर्यंत कपाट करू आणि वरच्या रॉडला खाली ओढायची लिफ्ट लावू, म्हणजे तुमच्या उंचीचा प्रश्नच राहणार नाही. माझी उंची ४ फूट १० इंच, सासूबाईंचा खांदा दुखतो. रॉड, लिफ्ट आणि हुक नक्की किती उंचीवर घ्यावेत?

उत्तर:

मी नाशिकमध्ये फर्निचरची कामं करून घेते आणि माझी स्वतःची उंची ४ फूट ११ इंच आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरातलाच समजा. मिस्त्रींचा अर्धा सल्ला बरोबर आहे. लिफ्ट लावता येईल, पण ती कुठून कुठे येते हे मोजल्याशिवाय लावली तर माझ्यासारखं होईल. माझ्या पहिल्या कपाटात ती इतकी वर बसली की तिची ओढायची दांडी धरायलाच मला स्टूल लागायचं. लिफ्ट असून स्टूल!

आधी साधा रॉड. बहुतेक मिस्त्री माळ्याच्या फळीपासून तीन इंच सोडून रॉड ठोकतात. तो साडेपाच-सहा फुटांवर जातो आणि मिस्त्री स्वतः साडेपाच फुटांचा असेल तर त्याला तो सोयीचाच वाटतो. तुम्ही असं करा. एका हँगरवर तुमची सगळ्यात जड साडी टाका. अनवाणी, भिंतीपासून एक फूट मागे उभ्या राहा, कारण रॉड कपाटाच्या तोंडाशी नसतो, फूटभर आत असतो. आता टाचा न उचलता हँगरचा आकडा भिंतीवर जिथे सहज टेकतो तिथे पेन्सिलीने खूण करा. सात-आठ वेळा करा. पहिली खूण उत्साहात वर जाते, शेवटची खरी. तुमच्या उंचीला ती ५८ इंचांच्या आसपास, म्हणजे डोक्याएवढी येईल. लांब कुर्ते आणि गाऊनच्या खणात रॉड तिथेच घ्या. खालच्या पट्टीचे आणि फळीचे चार इंच गेले तरी ५४ इंच मोकळे राहतात. हँगरसकट लांब कुर्ता साधारण ४८ ते ५० इंच लोंबतो, म्हणजे तो जमिनीला लागत नाही.

सासूबाईंना हीच खूण करायला सांगा, पण हात खांद्याच्या वर जाऊ न देता. त्यांची खूण बहुधा ४२ ते ४५ इंचांच्या मध्ये येईल. त्यांची रोजची साडी तिथे.

आता लिफ्ट. ही म्हणजे दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर बसवलेले दोन हात, मध्ये रॉड आणि रॉडला लोंबणारी ओढायची दांडी. ओढली की रॉड पुढे झुकत खाली येतो. नेहमीच्या लिफ्टचा रॉड साधारण ३२ इंच खाली येतो. सगळा हिशेब या आकड्यावर ठरतो, म्हणून लिफ्ट घेताना हा आकडा तिच्या कागदावरून पाहून घ्या.

समजा मिस्त्रींनी ५८ इंचांच्या रॉडवरच लिफ्ट टाकली. वरच्या शर्टांना हँगरसकट ३८ इंच हवेत, खालच्या रॉडवर हँगरचा आकडा चढवायला तीन इंच हवेत. बेरीज करा: ५८ अधिक ३ अधिक ३८, म्हणजे ९९ इंच, सव्वाआठ फूट. तिथून ३२ इंच खाली आला की रॉड ६७ इंचांवर थांबतो. तुमच्या डोक्याच्या ९ इंच वर! पैसे गेले आणि शर्ट तसाच वर.

म्हणून लिफ्टचा खण वेगळा ठेवा आणि मोजणी खालून वर करा. खालचा रॉड ४२ इंचांवर, म्हणजे सासूबाईंच्या सोयीचा. त्यावर घडी घालून अडकवलेल्या साड्या आणि छोट्या कुर्त्या. त्यात ३ आणि ३८ मिळवले की लिफ्टचा रॉड ८३ इंचांवर येतो. खाली ओढला की ५१ इंचांवर, तुमच्या हनुवटीच्या आसपास. वर हँगरच्या आकड्यासाठी तीन-चार इंच सोडून माळा साडेसात फुटांच्या आतच सुरू होतो. छत साडेनऊ फुटांचं असेल तर बॅगा आणि रजयांना दोन फूट उरतात.

ओढायच्या दांडीचं टोक मात्र मोजा. ती रॉडच्या दीड फूट खाली लोंबत असेल तर टोक ६५ इंचांवर येईल. तुमचा हात तिथे पोचेल, सासूबाईंनी मात्र लिफ्टला हात लावू नये. दांडी आखूड असेल तर तिला जाड सुती नाडी बांधा. दिसायला गबाळं, पण माझ्या घरी पाच वर्षं तीच चालू आहे.

वजनाचं गणित लोक विसरतात. साधारण लिफ्ट दहा-बारा किलो वजन पेलते. साधी सुती साडी हँगरसकट अर्ध्या किलोच्या आसपास, ब्लेझर किलोभर किंवा जास्त. म्हणजे दहा ब्लेझर झाले की लिफ्ट भरली. जास्त भरली तर ती वर राहत नाही, हळूहळू खाली सरकते. अगदी रिकामी असेल तर उलट ओढायला जड जाते आणि सोडली की झटक्यात वर जाते, म्हणून ती वर जाईपर्यंत दांडी हातातून सोडू नये. येवल्याची पैठणी असेल तर ती लिफ्टवर नको आणि हँगरवरही नको. जरीच्या वजनाने घडीवर ताण येतो. सुती कापडात गुंडाळून फळीवर ठेवा आणि अधूनमधून घडी बदला.

लिफ्टच्या बाजूच्या फळ्या १८ मिमी प्लायच्या हव्यात. पार्टिकल बोर्डात प्रत्येक ओढीला स्क्रू हलतो. स्क्रूभोवती भुसा दिसू लागला की समजा तो सुटायच्या बेतात आहे. सरकत्या दाराचं कपाट करणार असाल तर पूर्ण खण एका दाराने उघडतो का पाहा. दाराची कड आड आली तर लिफ्टचा हात तिला आपटतो. पलंग आणि कपाटामध्येही जागा हवी, कारण रॉड कपड्यांसकट तुमच्या अंगावर येतो आणि तुम्हाला पाऊलभर मागे सरकावं लागतं.

हुकचं सोपं आहे. हुकचं टोक डोळ्यांना वरून दिसलं पाहिजे, नाहीतर ओढणी चाचपडत अडकवावी लागते. तुमचे डोळे साधारण ५४ इंचांवर असतील, म्हणून दाराच्या आतले हुक ४८ ते ५० इंचांवर, सासूबाईंचे ४२ वर. दाराला पर्स लावायची असेल तर त्यामागच्या फळ्या तीन इंच आत घ्यायला आत्ताच सांगा. नंतर दार लागत नाही आणि मिस्त्री फोन उचलत नाहीत.

बजेट ताणलेलं असेल तर लिफ्ट सोडा आणि आकडीची काठी घ्या. वाड्यातल्या उंच दांडीवर आजी काठीने लुगडं वाळत घालायची, तीच युक्ती. हलक्या शर्टाला चालते. ब्लेझरला नको, तो डोक्यावर पडतो.

मिस्त्रींना हे आकडे तोंडी सांगू नका. कपाटाची उभी फळी जमिनीवर आडवी असतानाच खडूने खुणा करून घ्या आणि तुम्ही स्वतः फळीशेजारी उभ्या राहून तपासल्यावरच भोकं पाडू द्या.