बंद ॲप, जुने नोटिफिकेशन आणि दुसऱ्याचेच बिल

प्रश्न: ऐरोलीत एका कंपनीत टेस्टर आहे. हाउसिंग सोसायट्यांच्या अँड्रॉइड ॲपचं काम माझ्याकडे आहे. ॲप चालू असताना मेंटेनन्स बिलाच्या नोटिफिकेशनवर टॅप केलं की बरोबर बिल उघडतं. ॲप बंद असेल तर कधी होम उघडतं, कधी मागच्या महिन्याचं बिल. आता एका सोसायटीतून तक्रार आली आहे की दुसऱ्याच फ्लॅटचं बिल दिसलं. माझ्या फोनवर एकदाही तसं झालं नाही. हे नक्की कसं तपासायचं?

उत्तर:

आधी तुमच्या टेस्टिंगच्या फोनकडे पाहा. त्यावर बहुधा एकच खाते असते, लॉगिन नुकतेच केलेले असते, ऑफिसचे वायफाय चालू असते आणि नोटिफिकेशन आल्याबरोबर तुम्ही टॅप करता. तक्रार करणाऱ्याच्या फोनवर यातली एकही गोष्ट तशी नसते.

सुरुवात "बंद" या शब्दापासून करावी लागेल, कारण अँड्रॉइडवर ॲप तीन निरनिराळ्या अर्थांनी बंद असते. होमचे बटण दाबले की ॲप फक्त मागे जाते आणि त्याची प्रोसेस जिवंत राहते. काही वेळाने मेमरी कमी पडली की सिस्टम ती प्रोसेस मारते, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तिसरा प्रकार सेटिंग्जमधून "फोर्स स्टॉप" करण्याचा. त्यानंतर ॲप हाताने पुन्हा उघडेपर्यंत फायरबेसचा संदेश पोहोचतच नाही आणि आधी आलेली नोटिफिकेशनही निघून जातात. त्यामुळे टॅपच्या चाचणीसाठी फोर्स स्टॉपचा उपयोग नाही, तरी अनेक जण तोच करतात आणि "नोटिफिकेशन येत नाही" असा बग नोंदवून मोकळे होतात. तुम्हाला हवी आहे ती मधली अवस्था.

ती मिळवताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रोसेस मारून मग संदेश पाठवला, तर तो संदेश घेण्यासाठीच प्रोसेस पुन्हा जागी होते आणि तुम्ही टॅप करता तेव्हा ॲप खरे तर अर्धे जिवंत असते. म्हणून होम दाबा, संदेश पाठवा, नोटिफिकेशन दिसू द्या, आणि त्यानंतर प्रोसेस मारा:

```
adb shell am kill in.example.society
adb shell pidof in.example.society
```

दुसऱ्या ओळीने काहीच छापले नाही तर प्रोसेस गेली असे समजावे. आकडा आला तर काही सेकंद थांबून पहिली ओळ पुन्हा चालवावी, कारण `am kill` फक्त मारण्यास सुरक्षित अशाच प्रोसेस मारते. मग टॅप करावा. नुसती लिंक तपासण्यासाठी `adb shell am start -a android.intent.action.VIEW -d "https://example.in/bill/8841"` ही आज्ञा चालते, पण तिच्यात नोटिफिकेशनचा मार्ग वगळला जातो. ती यशस्वी झाली म्हणजे टॅपही यशस्वी होईल असे गृहीत धरू नये.

संदेश पाठवतानाही तो तुमचा सर्व्हर पाठवतो तसाच पाठवावा. फायरबेसच्या कन्सोलवरून पाठवलेल्या संदेशात `notification` हा भाग असतो. ॲप मागे असताना असा संदेश तुमच्या `onMessageReceived` पर्यंत येत नाही. फायरबेसची लायब्ररी स्वतःच नोटिफिकेशन दाखवते आणि टॅप केल्यावर, वेगळे काही सांगितले नसेल तर, ॲपची मुख्य ॲक्टिव्हिटी उघडून `data` मधली माहिती तिच्या इंटेंटमध्ये ठेवते. सर्व्हर फक्त `data` पाठवत असेल, तर नोटिफिकेशन तुमचाच कोड बनवतो. म्हणजे कन्सोलवरून केलेली चाचणी आणि प्रत्यक्षातला टॅप कोडच्या दोन वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात.

बिलाऐवजी होम उघडते, ते बहुतेक वेळा शर्यतीमुळे. थंड अवस्थेतून सुरू होताना ॲप साठवलेले लॉगिन वाचते, टोकनची मुदत संपली असेल तर नवे मागते, आणि ते मिळाले की होम उघडते. दुसरीकडे लिंकचा कोड बिलाची स्क्रीन उघडत असतो. टोकन उशिरा आले तर होम बिलाच्या डोक्यावर येऊन बसते. नीट पाहिले तर बिल क्षणभर चमकून गेलेले दिसते, म्हणून या चाचणीचे स्क्रीन रेकॉर्डिंग करावे. हा बग हमखास दाखवायचा असेल, तर डेव्हलपरकडून चाचणीच्या बिल्डसाठी टोकनची मुदत दोन मिनिटे करून घ्यावी, तीन मिनिटे थांबावे आणि मग बंद ॲपवर टॅप करावा. माझा अनुभव असा की ताज्या लॉगिनवर दहा वेळा पास झालेली चाचणी या पद्धतीने पहिल्याच फटक्याला पडते.

मागच्या महिन्याचे बिल उघडण्यामागे दोन वेगळी कारणे असू शकतात, आणि कोणते बिल उघडले यावरून ती ओळखता येतात. पहिल्या चाचणीत जूनचे आणि जुलैचे अशी दोन नोटिफिकेशन एकापाठोपाठ येऊ द्यावीत आणि दोन्ही पडद्यावर असताना एकेकावर टॅप करावा. अँड्रॉइड दोन `PendingIntent` सारखे आहेत का हे ठरवताना आत ठेवलेले एक्स्ट्रा पाहत नाही. `requestCode` दोन्हींना शून्य असेल आणि बिलाचा क्रमांक फक्त एक्स्ट्रामध्ये असेल, तर सिस्टमच्या लेखी ते एकच आहेत. अशा वेळी `FLAG_UPDATE_CURRENT` दिलेला असेल तर दोन्ही टॅपवर जुलैचे बिल उघडते, आणि तो दिलेला नसेल तर दोन्हींवर जूनचे. एकच नोटिफिकेशन पाठवून चाचणी करणाऱ्याला हा दोष जन्मात दिसणार नाही. उपाय सोपा आहे: प्रत्येक बिलाला वेगळा `requestCode` द्यावा किंवा लिंक इंटेंटच्या `data` मध्ये ठेवावी, कारण ती तुलनेत धरली जाते.

दुसरे कारण म्हणजे एकदा टॅप केलेला संदेश पुन्हा जिवंत होणे. बंद ॲपवर टॅप करून जूनचे बिल उघडा, तिथून तक्रारींच्या स्क्रीनवर जा, होम दाबा, वरच्या आज्ञेने प्रोसेस मारा आणि रीसेंट्समधून ॲप पुन्हा उघडा. तक्रारींची स्क्रीन यायला हवी. जूनचे बिल आले, तर कोड `onCreate` मध्ये `getIntent()` वाचून दर वेळी लिंक पाळतो आहे, आणि त्या इंटेंटमध्ये अजून जूनचाच क्रमांक आहे. हीच चाचणी मागे जाण्याच्या बटणाने पूर्ण बाहेर पडूनही करावी. बटणाने ॲक्टिव्हिटी खरोखर संपली असेल, तर त्या वेळी साठवलेली अवस्था नसते, त्यामुळे `savedInstanceState` तपासणारा कोडही फसू शकतो. ॲप इतिहासातून उघडले आहे हे `FLAG_ACTIVITY_LAUNCHED_FROM_HISTORY` या खुणेवरून ओळखावे लागते. सर्वांत भरवशाचे म्हणजे प्रत्येक संदेशाला क्रमांक द्यावा आणि लिंक एकदा पाळली की तो क्रमांक "वापरला" म्हणून फोनवर नोंदवावा.

आता दुसऱ्या फ्लॅटचे बिल. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीतून आमच्याकडे अगदी अशीच तक्रार आली होती, आणि तिचा उलगडा कोडमध्ये नव्हे तर तिथल्या ऑफिसात बसून झाला. समितीची निवडणूक झाली होती आणि जुन्या सेक्रेटरींनी ऑफिसचा फोन नव्यांच्या हाती देताना ॲपमधून लॉगआउट केले होते. ऑफिस तळघरात, पार्किंगशेजारी. तिथे रेंज नव्हती. ॲपने फोनवरचे लॉगिन पुसले, पण "या फोनवर आता संदेश पाठवू नका" हे सर्व्हरला कळवणे राहून गेले. फायरबेसचे टोकन माणसाचे नसते, त्या फोनवर बसवलेल्या ॲपचे असते. नव्या सेक्रेटरींनी लॉगिन केल्यावर तेच टोकन त्यांच्या नावावरही नोंदले गेले, आणि जुन्या सेक्रेटरींच्या घरचे बिल या फोनवर येत राहिले.

हे तुमच्याकडे घडवून पाहायला दोन खाती पुरतात. समजा 304 आणि 1102. फोनवर 304 ने लॉगिन करा, विमान मोड लावा, लॉगआउट करा, विमान मोड काढा, 1102 ने लॉगिन करा आणि 304 ला बिल पाठवा. नोटिफिकेशन आले तर सर्व्हरचा दोष सिद्ध झाला. नव्या लॉगिनच्या वेळी ते टोकन आधीच्या सर्व खात्यांवरून काढायला हवे, आणि डेटाबेसमध्ये एक टोकन एकाच सदस्यासमोर दिसायला हवे.

पण सर्व्हर दुरुस्त झाला तरी हा विषय संपत नाही. 304 चे नोटिफिकेशन लॉगआउटच्या आधीच पडद्यावर आलेले असू शकते. किंवा फोन बंद असताना ते पाठवले गेले असेल, तर मुदत वेगळी सांगितली नसल्यास फायरबेस असा संदेश चार आठवड्यांपर्यंत धरून ठेवते. म्हणून दुसरी चाचणी: 304 चे नोटिफिकेशन येऊ द्या, त्यावर टॅप न करता लॉगआउट करा, 1102 ने लॉगिन करा आणि मग ते जुने नोटिफिकेशन शोधा. चांगले ॲप लॉगआउट करतानाच पडद्यावरची आपली नोटिफिकेशन काढून टाकते. ते उरलेच असेल, तर टॅपवर चारपैकी एक गोष्ट घडते. 304 चे बिल दिसले, तर सर्व्हर नुसता बिल क्रमांक पाहून बिल देतो आहे. तो सुरक्षेचा गंभीर दोष आहे आणि त्याचा नोटिफिकेशनशी संबंधच नाही. कोरी स्क्रीन आली, तर सर्व्हरने नकार दिला पण ॲपला तो नकार दाखवता आला नाही. 1102 चेच ताजे बिल उघडले, तर ते सर्वांत फसवे, कारण पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते आणि तो कदाचित पैसेही भरतो. योग्य वर्तन म्हणजे "ही सूचना दुसऱ्या खात्यासाठी होती" एवढेच सांगून होमवर थांबणे, फ्लॅट क्रमांक किंवा रक्कम न सांगता. त्यासाठी संदेशातच तो कोणासाठी आहे याची खूण असावी लागते आणि स्क्रीन उघडण्याआधी ॲपने ती जुळवून पाहावी लागते.

या चाचणीचा एक उपप्रकार जवळजवळ कोणीच करत नाही. 304 लॉगआउट झालेला असताना त्याच्या उरलेल्या नोटिफिकेशनवर टॅप करा. ॲप लॉगिनची स्क्रीन दाखवते आणि लिंक "नंतर उघडू" म्हणून बाजूला ठेवते. आता तिथे 1102 ने लॉगिन करा. बाजूला ठेवलेली लिंक ज्याच्यासाठी होती त्याच्याशी बांधलेली नसेल, तर ती नव्या माणसासाठी उघडते. याच चाचणीत लॉगिनच्या स्क्रीनवरून ॲप मारून दुसऱ्या दिवशी पुन्हा लॉगिन करूनही पाहा. शिळी लिंक तेव्हाही उघडत असेल, तर तिला मुदत घातलेली नाही.

एकाच माणसाचे दोन फ्लॅट असतील आणि ॲपमध्ये सध्या दुसरा फ्लॅट निवडलेला असेल, तर मात्र नकार देणे चुकीचे ठरेल. तिथे ॲपने स्वतः फ्लॅट बदलावा आणि बिलाच्या वर फ्लॅट क्रमांक ठळक दाखवावा. हा निर्णय चाचणी लिहिण्याआधी प्रॉडक्टवाल्यांकडून लेखी घ्या; आमच्याकडे या एका मुद्द्यावर बग तीन वेळा बंद होऊन तीन वेळा पुन्हा उघडला होता.