‘मला चढतच नाही’ म्हणणाऱ्या वाचकास

*ताई, मी 43 वर्षांचा असून अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. आठ वर्षांपूर्वी नाइंटी घेतली की पुरे व्हायचे. आता क्वार्टर संपवून वर आणखी 60 घेतल्याशिवाय काही वाटतच नाही. पण मी झोकांड्या खात नाही, कुणाशी भांडत नाही, सकाळी पाळीला वेळेवर हजर असतो. मित्र म्हणतात, याला पचते. श्रावणात महिनाभर सोडायचे ठरवले होते, पण दोन रात्री झोप लागली नाही, घाम सुटला, म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. बायको फार काळजी करते. मला चढतच नाही, तर तिची काळजी उगाच नाही का?*
*– एक वाचक, सोलापूर*

नमस्कार.

तुमच्या पत्नीची काळजी उगाच नाही. ज्या गोष्टीचा तुम्हाला दिलासा वाटतो, त्याच गोष्टीने मला पत्र पुन्हा वाचायला लावले.

आधी मापाचा हिशेब करू. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण 42.8 टक्के मद्यार्क असतो, म्हणजे 30 मिलीच्या लहान पेगमधून सुमारे 10 ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. या हिशेबाने नाइंटीचे 30 ग्रॅम होतात आणि तुमच्या आजच्या मापाचे, म्हणजे क्वार्टरचे 180 आणि वरचे 60 मिळून 240 मिलीचे, 80. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम मद्यार्काचा निचरा करते. रोज पिणाऱ्याचे यकृत काहीसे जलद काम करू लागते हे खरे, पण ते अडीचपटीहून जास्त वेगवान होत नाही. मग 30 ग्रॅमला जे वाटायचे त्यासाठी आता 80 ग्रॅम का लागतात? याचे मुख्य उत्तर मेंदूत आहे.

मेंदूच्या पेशी एकमेकींना दोन प्रकारचे निरोप देत असतात. ‘गाबा’ नावाचे रसायन पेशींना शांत करते आणि ‘ग्लुटामेट’ त्यांना चेतवते. दारू गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबून टाकते, म्हणून पहिल्या पेगला अंग सैलावते, दिवसभराची कटकट मागे पडते. हे अधूनमधून घडले तर मेंदू दुसऱ्या दिवशी पूर्वपदावर येतो. पण रोज संध्याकाळी त्याच वेळी तोच भार पडू लागला की मेंदू तो भार धरूनच आपली मांडणी बदलतो. गाबाचा निरोप घेणारी ग्रहणकेंद्रे बोथट होतात, ग्लुटामेटची केंद्रे वाढतात आणि जास्त जागरूक होतात. तराजूच्या एका पारड्यात रोज वजन पडते म्हणून मेंदू दुसऱ्या पारड्यात तेवढेच वजन टाकून काटा मध्ये आणतो. मग नाइंटीने काटा हलत नाही, म्हणून माणूस क्वार्टरवर जातो, मेंदू पुन्हा वजन टाकतो, आणि माप चढत राहते.

व्यसनमुक्तीच्या कामात ‘याला पचते’ हे वाक्य मी कौतुकाने उच्चारलेले फार ऐकले आहे, आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटले आहे. पचत काहीच नसते. साधारण वजनाच्या माणसाने रात्री दोन-अडीच तासांत 240 मिली घेतली, तर रक्तातले मद्यार्काचे प्रमाण वाहन चालवण्यासाठी कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या, म्हणजे 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या, तिपटी-चौपटीवर सहज जाऊ शकते. झोकांड्या जात नाहीत, जीभ अडखळत नाही, कारण त्या हालचाली मेंदूने सरावाने सांभाळून घेतलेल्या असतात. अचानक समोर आलेल्या माणसासाठी ब्रेक दाबायला लागणारा वेळ आणि अंतराचा अंदाज मात्र तेवढे सावरत नाहीत. श्वास चालू ठेवणारे मेंदूतील केंद्रही या सवयीने तितके सुरक्षित होत नाही. म्हणजे नशा वाटण्याचे माप जसजसे वर सरकते, तसतसे ते जिवाला धोक्याच्या मापाजवळ येत जाते. यकृताला, स्वादुपिंडाला आणि रक्तदाबाला तर सवय नावाची गोष्ट माहीतच नाही. त्यांच्यापर्यंत 80 ग्रॅम हे 80 ग्रॅम म्हणूनच पोहोचतात.

आता श्रावणाबद्दल. तुम्ही त्या दोन रात्री ओझरत्या लिहिल्या आहेत, पण माझ्या मते पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. एका पारड्यातले वजन एकदम काढून घेतले आणि मेंदूने दुसऱ्या पारड्यात टाकलेले तसेच राहिले, तर काटा दुसऱ्या टोकाला जातो. चेतवणारे निरोप मोकाट सुटतात. झोप उडते, घाम फुटतो, छाती धडधडते, सकाळी चहाचा कप धरताना बशी वाजू लागते. तिसऱ्या दिवशी पुन्हा घेतल्यावर बरे वाटले, याचा अर्थ दारूने झोप आणली असा नव्हे. तिच्याच अभावाने आलेला त्रास तिनेच तात्पुरता मिटवला. मद्यविकाराचे निदान करताना डॉक्टर 11 लक्षणे पाहतात. वाढते माप हे त्यांतले एक आणि सोडल्यावर होणारा त्रास हे दुसरे. बारा महिन्यांत त्यांतली दोन आढळली तरी निदानाचा विचार होतो. ही दोन्ही लक्षणे तुमच्या पत्रात आहेत. नोकरी शाबूत असणे, भांडण न होणे यांनी ती खोटी ठरत नाहीत.

म्हणून एक गोष्ट मी आग्रहाने सांगते: उद्यापासून एकदम बंद करू नका. या मापावरून अचानक थांबल्यास पहिल्या 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो. अशा वेळी घरी वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यावे लागते. हे तुमच्या पत्नीलाही माहीत असू द्या. डॉक्टरांच्या देखरेखीत हाच टप्पा साधारण आठवडाभराच्या औषधांनी सुरक्षितपणे पार पडतो. ती औषधे मेंदूतली चेतना आवरून धरतात आणि हळूहळू कमी केली जातात, सोबत जीवनसत्त्व बी-1 देतात. ही औषधे दुकानातून स्वतः आणून घेऊ नका, आणि दारूबरोबर तर मुळीच नको. त्यानंतर मेंदू आपले पारडे काही आठवड्यांत बरेच सावरतो. झोप मात्र कधीकधी काही महिने मागे राहते, आणि तेव्हा पुष्कळजण पुन्हा बाटलीकडे वळतात. एवढे लक्षात ठेवा की थांबल्यावर सवय उतरलेली असते. महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या लग्नात ‘माझे माप’ म्हणून पुन्हा 240 घेतली, तर ते आता तुमचे माप राहिलेले नसेल.

आपल्या शहरातल्या शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. जाण्याआधी बोलायचे असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन करता येतो. पत्नीला बरोबर न्या. केसपेपर हातात आल्यावर ‘थोडी घेतो’ असे सांगू नका. 240 मिली हा आकडा सांगा, शेवटचा पेग किती वाजता घेतला ते सांगा, आणि सगळ्यात आधी श्रावणातल्या त्या दोन रात्री सांगा.

– तुमची ताई