उशीर झाल्याचा मेसेज कसा लिहावा?

प्रश्न: "मी घरून दिवाळीचा फराळ विकते. शुक्रवारी वसुबारसेला डबे द्यायचं कबूल केलं होतं, पण चकली वेळेत होणार नाही. 'काही अपरिहार्य कारणांमुळे ऑर्डरला उशीर होत आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व, लवकरात लवकर पाठवू' असा मेसेज तयार केलाय. सगळ्यांना पाठवू का?"

नका पाठवू. मिठाईच्या एका दुकानात ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देणं हे माझं काम आहे, आणि असा मेसेज गेला की पाच मिनिटांत फोन येतो: "म्हणजे नक्की कधी?" तुमच्या तीन वाक्यांत काय अडलं ते नाही, कुणामुळे अडलं ते नाही आणि कधी मिळणार तेही नाही. स्टेशनवरची घोषणा वाटते ती.

लिहायला बसण्याआधी एक हिशेब करा. अडलीय फक्त चकली. लाडू, करंज्या, शेव, चिवडा तयार आहे ना? मग उशीर पूर्ण डब्याला कशाला? बाकीचा फराळ शुक्रवारीच जाऊ दे. उपाय ठरल्याशिवाय माफीचा मेसेज लिहायला घेतला की 'लवकरात लवकर' असलं काहीतरी लिहिलं जातं, कारण सांगण्यासारखं दुसरं काही हातात नसतं.

आता कारण. चकली का अडली ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून धरून चालू की भाजणी गिरणीत उशिरा गेली. मग 'गिरणीवाल्याने वेळेत दिली नाही' असं लिहू नका. गिरणी तुम्ही निवडलीत, ग्राहकाने नाही. कारण एकाच वाक्यात सांगा आणि त्या वाक्याचा कर्ता 'मी' असू दे. त्यापुढे घरातलं आजारपण, गेलेली वीज, वाढलेल्या ऑर्डरी असं काहीही जोडलं की वाचणाऱ्याला ती सारवासारव वाटते, सगळं खरं असलं तरी. मात्र पावसाने घाट बंद पडल्यासारखं खरोखर हाताबाहेरचं असेल, तर ती चूक ओढूनताणून अंगावर घेऊ नका. तेव्हा तुमच्याकडे एवढंच उरतं की कळल्याबरोबर कळवलं का.

मी असा लिहीन:

"नमस्कार काकू. उद्या शुक्रवारी पूर्ण फराळ द्यायचं मी कबूल केलं होतं, पण चकली उद्या देऊ शकत नाही. भाजणी दळायला मी उशिरा टाकली. चूक माझी आहे, माफ करा. बाकीचा फराळ उद्या संध्याकाळी ७ पर्यंत घरी येईल. चकली रविवारी दुपारी १ पर्यंत मी स्वतः आणून देते, वेगळा खर्च नाही. रविवारी चालणार नसेल तर कळवा, चकलीचे ३५० रुपये आजच परत करते."

माफी एकदाच आली आहे आणि उपायाच्या आधी आली आहे. उलट केलं, म्हणजे आधी 'रविवारी आणून देते' आणि शेवटी 'चूक झाली', तर चूक तोंडी लावल्यासारखी वाटते. 'समजून घ्याल ही अपेक्षा'सुद्धा मुद्दाम लिहिलेलं नाही. त्यात समजूतदारपणाचं ओझं आपण काकूंवर टाकतो.

रविवार दुपारचं मात्र नीट तपासा. शनिवारी रात्री चकल्या तळून होतील असं वाटत असेल, तरी शनिवार कबूल करू नका. पहिला उशीर लोक पोटात घालतात, माफी मागून दिलेली वेळ चुकली की पुढच्या वर्षीची ऑर्डर गेली. पुढच्या खरेदीवर सूट वगैरेही नको. ज्याची यंदाची चकली आली नाही, त्याला पुढच्या वर्षीचे पन्नास रुपये काय करायचेत! पैसे परत करायचं म्हणालात तर त्याच दिवशी करा. ऑनलाइन विक्रीसाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांतही, ठरल्या वेळेपेक्षा उशिरा आलेला माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये असं आहे, उशीर हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल तर गोष्ट वेगळी.

हाच मेसेज सगळ्यांना मात्र चालणार नाही. ज्यांच्या घरी दिवाळीला चकली हवी आहे, त्यांना रविवार पुरतो. पण ज्यांचा डबा कुरियरने बंगळूरला मुलाकडे जाणार आहे, त्यांची चकली रविवारी निघून लक्ष्मीपूजनाला पोचण्याची शक्यता कमीच. त्यांना मेसेजच्या आधी फोन करा आणि विचारा: डबा चकलीशिवाय उद्याच पाठवू आणि तिचे पैसे परत करू, की चकलीऐवजी शेव वाढवून देऊ? ठरवू दे त्यांनाच. फोनवर जे ठरेल ते दोन ओळींत लिहून पाठवा, म्हणजे डबा भरताना तुमचाही घोळ होणार नाही.