कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

प्रिय मित्रा,

ग्राहकांकडून आलेल्या चौकशांपैकी आधी कोणाच्या मागे लागायचं हे ठरवायला तू केलेली गुणांची शीट पाहिली. बजेट, खरेदीचा निर्णय घेण्याचा अधिकार, गरज आणि वेळ, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. पद्धत ठीक आहे. खटकलं ते एवढंच की जिथे माहिती नाही तिथे तू शून्य टाकलं आहेस. 'पैसे नाहीत' आणि 'पैशांबद्दल आपण विचारलंच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुझ्याच शीटमधल्या दोन चौकश्या घे. पहिली एका संचालकांची: बजेट ३, अधिकार ३, पण गरज १ आणि वेळ १, कारण त्यांनी फक्त दरपत्रक मागितलं. एकूण ८. दुसरी गोदामातल्या एका सहायकाची. त्याने साठ्याचा हिशेब कुठे चुकतो ते सविस्तर लिहिलंय, चालू सॉफ्टवेअरचा करार तीन महिन्यांत संपतोय हेही सांगितलंय. गरज ३, वेळ ३, अधिकार १, बजेट कोरं. तुझ्या हिशेबाने ७, म्हणून तो मागे पडला. कोरा रकाना बाजूला ठेवला तर त्याचे ९ पैकी ७ होतात आणि संचालकांचे १२ पैकी ८. क्रम उलटला!

यातही एक पळवाट आहे. ज्याचा एकच रकाना भरलाय त्याला ३ पैकी ३ मिळतील आणि तो सगळ्यांच्या वर जाऊन बसेल. म्हणून किमान तीन रकाने भरल्याशिवाय क्रम लावू नकोस. बाकीच्यांना आधी एक फोन.

फोनवर "तुमचं बजेट किती?" असं सुरुवातीलाच विचारलंस तर समोरचा आकडा लपवतो किंवा मनाला येईल तो सांगतो. आधी गरज समजून घे, मग त्या अडचणीपायी त्यांचा सध्या किती खर्च होतो ते विचार. अधिकाराचंही तसंच. "निर्णय तुम्हीच घेता ना?" याला बहुतेक जण हो म्हणतात. त्यापेक्षा मागच्या अशा खरेदीला कोणाकोणाची मंजुरी लागली होती ते विचार. सहायकाकडे सही नसेल, पण सही कोणाची लागते हे त्याला पक्कं ठाऊक असतं. वेळेच्या बाबतीत नुसती तारीख पुरेशी नाही. ती उलटली तर काय अडेल, याचं उत्तर आलं तरच ३ दे.

आणि गुणांशेजारी ग्राहकाचं वाक्य जसंच्या तसं लिही. मीही एकेकाळी फुकटच्या ईमेल खात्यावरून आलेल्या, अशुद्ध लिहिलेल्या चौकशांना नकळत कमी गुण द्यायचो. वाक्य समोर असलं की दुसऱ्याला ते तपासता येतं. महिन्यातून एकदा दहा चौकश्या सहकाऱ्याला तुझे गुण झाकून दे. जिथे दोन गुणांचा फरक पडेल तिथे तुमची व्याख्याच ढिली आहे असं समज.

गुणांच्या क्रमात तळाला राहिलेल्यांपैकी पाच-सहा जणांनाही दर महिन्याला फोन कर. त्यांतल्या कोणी दुसरीकडून खरेदी केली असेल, तर कोणत्या रकान्याने आपल्याला फसवलं ते शोध. या महिन्याची सुरुवात त्या सहायकापासून कर.

तुझा,
जुना सहकारी